भिजल्या तांदळाचा क्लेम

आबाजी भोईरांना सहदेवचा मत्सर वाटत होता आणि ही गोष्ट कर्जतच्या पेठेत एका आबाजींखेरीज सगळ्यांना माहीत होती. विचारलं असतं तर ते म्हणाले असते, मत्सर कसला, मी त्याला ओळखतो तितकं कोणी ओळखत नाही, एवढंच. ओळखत होते हे खरंच. सहदेव त्यांच्याच गोदामात मापारी होता. पायलीवर हात फिरवून तांदूळ सपाट करायला त्याला आबाजींनीच शिकवलं. मग एके वर्षी त्याने राम राम केला, पुढच्याच गल्लीत भाड्याने गोदाम घेतलं आणि भात खरेदी सुरू केली. तेवढ्यावर थांबता तरी आबाजींनी पोटात घातलं असतं. पण शेतकरी त्याच्याकडे वळले, पळसदरीच्या वरच्या वाडीतले ठाकर त्याच्याकडे वळले आणि एक दिवस खुद्द आबाजींच्या न्हाव्याने दाढी करता करता त्याला 'सहदेवशेठ' म्हटलं. वस्तरा गळ्यावर होता म्हणून आबाजी गप्प बसले.

त्या दिवसापासून त्यांचं जेवणसुद्धा सहदेवला धरूनच होई. त्याने नवा काटा आणला की यांनी त्याहून मोठा आणायचा. त्याने गणपतीला वर्गणी दिली की यांनी त्यावर एक रुपया चढवायचा. विम्याची पॉलिसीसुद्धा अशीच आली. टिपणीस नावाचे एजंट होते, मुंबईच्या एका कंपनीचं काम करत. त्यांनी आबाजींच्या ओट्यावर बसून आगीचा विमा समजावला, आणि नदीकाठचं गोदाम आहे तर थोडा जास्त हप्ता भरून पुराचीही जोखीम त्यात लिहून घ्या, असा सल्ला दिला. आबाजींनी एकच प्रश्न विचारला, सहदेवने घेतली का. टिपणीस म्हणाले, त्याला परवडत नाही. आबाजींनी लगेच सही केली आणि पॉलिसीचा कागद चौकटीत घालून गादीच्या मागे भिंतीवर टांगला.

सन छत्तीसच्या श्रावणात उल्हास नदी पेठेत शिरली. पहाटे पाणी गल्लीत आलं तेव्हा हमाल आपापल्या झोपड्या सावरायला पळाले होते. आबाजी एकटेच गोदामात होते. थप्प्या फळ्यांवर रचलेल्या होत्या, पण पाणी फळ्यांवर चढायला लागलं होतं. तेवढ्यात गल्लीतल्या कंबरभर पाण्यातून कोणीतरी दार ढकलून आत आलं. तो सहदेव होता. त्याचं गोदाम सखल जागेत होतं, ते आधीच गेलं होतं. त्याने काही बोलणं काढलं नाही, दाराजवळच्या थप्पीतलं पोतं पाठीवर घेतलं आणि माळ्याची शिडी चढला. मग दोघांनी मिळून पोती वर नेली, पाणी छातीला लागेपर्यंत. जी नेता आली ती माळ्यावर कोरडी राहिली. बाकीचा सगळा माल खाली भिजला. शेवटी सहदेव म्हणाला, "शेठ, आता पुरं. पोत्यामागं जीव नका घालवू." आबाजींना उपकाराचं ओझं पोत्याहून जड वाटलं, पण त्या घटकेला बोलायला दमच उरला नव्हता.

पाणी दुसऱ्या दिवशी उतरलं. टिपणीस चिखल तुडवत आले. त्यांनी आधी कंपनीला तार केली आणि मग आबाजींना ओट्यावर बसवून काय करायचं ते पढवलं. कोरडा माल आणि ओला माल वेगळा करा. वाळवता येईल तो वाळवा, वाचवता येईल तो वाचवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. पण एकही पोतं गोदामाबाहेर काढू नका. मुंबईहून सर्व्हेअर येईल, तो माल डोळ्यांनी बघेल, वजन करेल, नमुना पिशवीत घालून मोहोर लावेल. सडका मालसुद्धा त्याच्यासमोर बोली लावून विकायचा, कोंबड्यांना घालायला किंवा खळ करायला कोणी ना कोणी घेतंच. ती रक्कम नुकसानातून वजा होते आणि उरलेलं कंपनी देते. तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या. भिंतीवरची पाण्याची रेघ धुऊ नका. पंधरा दिवसांत लेखी क्लेम द्यायचा, कोणता माल, किती, घटनेच्या दिवशीच्या भावाने किंमत किती, नफा धरायचा नाही.

आबाजींनी सगळं ऐकलं आणि समजलंही. ते मूर्ख नव्हते. दिवाळीनंतर नवं भात यायचं, तेव्हा हातात रोकड असेल तर त्यांचा धंदा राहणार होता आणि नसेल तर शेतकरी दुसऱ्या दारी जाणार होते. दुसरं दार कोणाचं हे काय सांगायला हवं? म्हणजे क्लेम मिळाला नाही तर गोदाम बसणार होतं. हे त्यांना टिपणिसांपेक्षा जास्त कळत होतं.

पण पेठेत एक जुना रिवाज होता. नदीने शिवलेलं धान्य पुन्हा मापात घालायचं नाही. ते वाटून टाकायचं, आणि वाटताना मोजायचं नाही. ज्याने मोजून दिलं त्याने दिलंच नाही, असं धरत. सहदेवकडे ना विमा ना कागद. त्याने सकाळीच गोदामाची दोन्ही दारं उघडली आणि वरच्या वाडीला निरोप धाडला. दुपारपर्यंत ठाकरांची रांग लागली. बाया ओला तांदूळ टोपल्यांत, लुगड्याच्या पदरात, पोत्यांसकट नेत होत्या. दोन दिवसांत वाळवून, भाजून, पेज करून तो खाण्याजोगा होणार होता, नाहीतर सडणारच होता. सहदेव दारात उभा राहून नुसतं, घ्या, घ्या म्हणत होता.

आबाजी आपल्या ओट्यावरून बघत होते. त्यांच्या दाराला कुलूप होतं. कोंडी नावाची एक म्हातारी ठाकरीण डोक्यावर टोपली घेऊन त्यांच्या ओट्यासमोरून गेली. ठाकर माणूस राजालाही एकेरीच बोलतो. तिने कुलपाकडे पाहिलं, मग आबाजींकडे पाहिलं आणि सहज विचारलं, "शेठ, तुजं भिजलं नाय का रं?"

आबाजी म्हणाले, भिजलंय.

"मंग कुलूप कशाला? सडक्याला चोर येतो का?" म्हातारी म्हणाली आणि हसत पुढे गेली. मागच्या बाया हसल्या. पुढच्या गल्लीत जाऊन कोणीतरी ते सहदेवला सांगितलं असणार, कारण तिकडूनही हसण्याचा आवाज आला. निदान आबाजींना तरी तो आला.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याला पायली धरायला आपण शिकवलं, तो कर्ण झाला आणि आपण कुलूपवाले शेठ. आनंदीबाई, त्यांची बायको, आतून म्हणाल्या की टिपणिसांनी काय सांगितलंय ते आठवा. त्यांनी आठवलं नाही. किल्ली काढली, दार उघडलं आणि रांगेला हाक मारली. ओला माल संध्याकाळपर्यंत गेला. तरी लोक सहदेवच्याच नावाने बोलत होते, कारण त्याने आधी दिलं होतं. मग आबाजी स्वतः शिडी चढले. माळ्यावरचा कोरडा, खडखडीत तांदूळ त्यांनी खाली लोटला आणि तोही वाटला. सहदेवने भिजका दिला, मी कोरडा देतो. न मोजता. बायांनी पोत्यांना हात लावून पाहिला आणि एकमेकींकडे बघितलं. त्या क्षणी आबाजींच्या छातीत जे सुख झालं, तसं त्यांना लग्नातही झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तलाठी पंचनाम्याला आला आणि त्याने जे दिसलं ते लिहिलं. भिंतीवर पाण्याची रेघ आढळली, जमिनीवर गाळ आढळला, गोदामात माल आढळला नाही. टिपणीस तो कागद वाचून मटकन खाली बसले. मग उठले, कारण त्यांनाही आपलं तोंड कंपनीला दाखवायचं होतं. हाताशी जे होतं ते त्यांनी गोळा केलं. मालाची आवक-जावक लिहिलेलं बाड, गिरणीच्या पावत्या, शेतकऱ्यांच्या खरेदीच्या चिठ्ठ्या, मुंबईला पाठवलेल्या मालाच्या रेल्वेच्या रसीदी. त्यावरून पुराच्या आदल्या दिवशी गोदामात एकूण किती पोती होती हे तर सिद्ध होत होतं. त्यांनी विचारलं, यातली भिजली किती?

"सगळी," आबाजी म्हणाले.

माळ्यावर काही नेली नव्हती का, टिपणिसांनी पुन्हा विचारलं. आबाजींनी नकारार्थी मान हलवली. खरं सांगायचं तर पोती कोणी वर नेली हे सांगावं लागलं असतं, आणि ते नाव त्यांच्या तोंडून निघेना. यादीत सगळी पोती भिजलेली म्हणून चढली. खाली आबाजींची सही झाली आणि कागद मुंबईला गेले.

सर्व्हेअर राजाध्यक्ष आठवड्याने आले. मृदू बोलणारा, चष्म्याचा माणूस. त्यांनी रेघ मोजली, फळ्यांची उंची मोजली, थप्प्यांचे ठसे गाळात जिथे दिसत होते तिथे खडूने खुणा केल्या. कागद एकेक करून तपासले आणि ते चोख आहेत असं म्हणाले. मग माल दाखवा म्हणाले. आबाजींनी रिवाज सांगितला. राजाध्यक्षांनी तो आदराने ऐकला, वहीत लिहिलासुद्धा, आणि चहाला म्हणून स्टेशनाकडे गेले.

चहाच्या दुकानात पेठेचं सगळं शहाणपण बसलेलं असतं. परगावचा माणूस भोईरशेठांकडे आलाय म्हटल्यावर तिथे आबाजींची स्तुती सुरू झाली. सहदेवशेठनी भिजका दिला, पण आबाजीशेठनी माळ्यावरचा कोरडा तांदूळ वाटला, साहेब, हाताला लागायचा तसा कोरडा. ही स्तुती व्हावी म्हणून तर आबाजींनी जिवाचा आटापिटा केला होता. ती नेमकी त्या माणसासमोर झाली.

राजाध्यक्ष परत आले तेव्हा टिपणीसही ओट्यावर होते. राजाध्यक्ष ओरडले नाहीत, त्यांनी धमकावलं नाही. म्हणाले, पॉलिसीच्या मागे एक अट छापलेली आहे, क्लेममध्ये जाणूनबुजून काही खोटं निघालं तर सगळा क्लेम जातो, खऱ्या नुकसानीचासुद्धा. पण मी अजून अहवाल लिहिलेला नाही. ही यादी घाईत झालेली समजून तुम्ही ती बदलून द्या. जेवढा खरोखर भिजला तेवढाच लिहा. कोरडा वाटला ती तुमची खुशी, त्याचे पैसे कंपनी देणार नाही. भिजक्यालाही जी काही किंमत आली असती ती मी अंदाजाने वजा करीन. तरी बराचसा आकडा उरेल.

"मात्र किती भिजला याला पुरावा हवा," ते म्हणाले. "रेघेवरून थर कळतात, पण तुम्ही कोणत्या थप्पीतली किती पोती वर नेलीत ते भिंत सांगत नाही. माल नाही, वजन नाही, नमुना नाही. नेणाऱ्यांनी मोजलं नाही. पोती वर नेताना कोणी पाहिलं होतं? त्याचा लेखी जबाब मिळाला तर मी तो जोडतो आणि तुमच्या बाजूने लिहितो."

टिपणिसांनी आबाजींकडे आशेने पाहिलं. आबाजी म्हणाले, "कोणी नव्हतं."

दाराआडून आनंदीबाई बाहेर आल्या. परक्या पुरुषापुढे त्या कधी येत नसत. "होता," त्या म्हणाल्या. "सहदेव होता. हे घरी आले तेव्हा ह्यांनीच सांगितलं, तो नसता तर एक पोतं वर गेलं नसतं." आणि नवऱ्याकडे न बघता त्यांनी घरातल्या गड्याला सहदेवकडे पिटाळलं.

सहदेव आला तो अंगरखासुद्धा न घालता, गोदाम धूत होता तसाच. काय हवं ते राजाध्यक्षांनी त्याला सांगितलं. तो म्हणाला, विचारा. दाराजवळची थप्पी पुरी वर गेली, तिच्यात इतकी पोती. मधल्या थप्पीचे वरचे दोन थर गेले. भिंतीकडच्या थप्प्यांना हातच लागला नाही, त्या भिजल्या. सात वर्षं त्याने त्या गोदामात थप्प्या रचल्या होत्या. राजाध्यक्ष गाळातल्या खुणांशी आणि बाडातल्या एकूण आकड्याशी ते ताडून बघत होते आणि प्रत्येक वेळी मान डोलवत होते. टिपणिसांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. जबाब लिहून झाला. सहदेवने खाली सही केली, बोटाला लागलेली शाई धोतराला पुसली आणि म्हणाला, "शेठचं पैसे मिळूं दे, सायेब. त्यांनी लय वाटलं. माझ्यापेक्षा जास्ती वाटलं."

तो हे मनापासून म्हणाला, हीच पंचाईत होती. कुजकटपणे म्हणाला असता तर आबाजींनी ते गिळलं असतं, पैसे घेतले असते आणि मजेत राहिले असते. पण त्यांना डोळ्यांसमोर सगळी पेठ दिसली. न्हावी, चहावाला, कोंडी, सगळे म्हणतायत, आबाजींचे पैसे सहदेवशेठनी मिळवून दिले. पोती वाचवली त्याने, जबाब दिला त्याने, दिवाळीला आबाजी भात घेतील ते त्याच्या सहीच्या जोरावर. जन्मभर.

राजाध्यक्षांनी नवी यादी आणि टाक पुढे केला. आबाजींनी टाक घेतला आणि खाली ठेवला.

"माझा क्लेम नाय," ते म्हणाले.

टिपणिसांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. आबाजी उभे राहिले. "भिजलेलं, कोरडं, सगळं मी आपखुशीनं वाटलं. दिलेल्या दानाचं पैसे मी कुणाकडं मागत नाय. लिवा तसं."

आनंदीबाई म्हणाल्या, "दुसऱ्याला अपशकून व्हावा म्हणून आपलं नाक कापतायसा." त्या हळूच म्हणाल्या, पण ओट्यावरच्या सगळ्यांना ते ऐकू आलं. सहदेवने खाली मान घातली. तो म्हणाला, शेठ, माझ्या सहीमुळं असंल तर ती फाडा, दुसरं काय तरी बघू. त्यावर आबाजींनी राजाध्यक्षांना कागद मागितला. राजाध्यक्षांनी दोनदा विचारलं, विचार करून घ्या, मी उद्याच्या गाडीने जातो. मग नाइलाजाने त्यांनी मजकूर सांगितला, टिपणिसांनी तो लिहिला आणि आबाजींनी क्लेम मागे घेतल्याची सही ठोकली. सहदेवचा जबाब कशालाच जोडायचा उरला नाही. तो त्याला परत मिळाला आणि त्याची घडी कमरेला खोचून सहदेव निघून गेला.

दिवाळी आली. भात उतरलं. शेतकऱ्यांनी सहदेवला माल उधारीवर दिला, विकला की पैसे दे म्हणाले. आबाजींनाही दिला असता, पण त्यांनी मागितला नाही. मागायचा कोणाकडे आणि कसा, त्यांना माहीतच नव्हतं, आजवर रोख मोजत आलेले. अर्धं गोदाम भाड्याने द्यावं लागलं. आनंदीबाईंच्या हातातल्या पाटल्या गेल्या. त्या नवऱ्याशी कामापुरतंच बोलत. आबाजी मात्र ओट्यावर ताठ बसत. पेठेत गोष्ट पसरली होतीच, की कंपनीचा साहेब पैसे घेऊन दारात आला आणि आबाजीशेठनी, दानाचे पैसे घेत नाही म्हणून त्याला परत पाठवलं. लोक त्यांना वाकून रामराम घालू लागले. एवढ्यासाठी सगळं गेलं तरी चालेल, असं ते स्वतःला सांगत आणि निम्म्या वेळी त्यांना ते पटतही असे.

मार्गशीर्षात कोंडी वाडीवरून उतरली. डोक्यावर वालाच्या शेंगांची पाटी होती. ती सरळ आबाजींच्या ओट्याशी आली, पाटी त्यांच्या पायांशी उतरवली आणि पदराने घाम पुसत उभी राहिली. पैसे किती, आबाजींनी विचारलं. पैसे कशाचे, ती म्हणाली, वाडीनं धाडलंय. पावसात पोरं तुझ्या तांदळावर जगली. आबाजींनी पाटीतली एक शेंग उचलून पाहिली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना वाटलं, आपण बरोबर केलं.

म्हातारी त्यांच्याकडे कौतुकाने बघत होती. तिला जेवढं मोठं बोलता येत होतं, तेवढं ती बोलली.

"शेठ, तुजं मन लय मोठं हाय रं," ती म्हणाली. "पार आमच्या सहदेवशेठवानी."